जर्मन बी वनच्या बोलण्याच्या परीक्षेत ऐनवेळी शब्द आठवला नाही तर

गोएथेची बी वन मी पुण्यातून दिली, आता मागच्या बॅचच्या मुलांबरोबर बोलायची प्रॅक्टिस करते आणि जवळपास प्रत्येकाची भीती एकच असते की बोलता बोलता शब्दच आठवला नाही तर काय. आठवणार नाहीच कधीतरी, हे धरूनच चला. तयारीला 15 मिनिटं मिळतात पण त्यात डिक्शनरी किंवा मोबाइल चालत नाही, त्यामुळे शब्दाला वळसा घालून तीच गोष्ट सांगता येणं हे वेगळं शिकावं लागतं.

जर्मनमध्ये त्रास दुहेरी आहे. नाम विसरलं की त्याचं देअर, दी की दास तेही गेलं, मग पुढचं डेन, डेम सगळंच अडतं. म्हणून वर्णन 'एट्वास' ने सुरू करा, म्हणजे 'काहीतरी'. त्याला आर्टिकल लागतच नाही. माणूस असेल तर 'आइनं पेर्झोन, दी...', जागा असेल तर 'आइन ओर्ट, वो मान...'. हे तीन साचे तोंडात बसले की निम्मं काम झालं.

आता उदाहरण घेऊ. पहिल्या भागात पार्टनरबरोबर मिळून काहीतरी प्लॅन करायचं असतं, समजा क्लासमधल्या मित्राची निरोपाची पार्टी. तुम्हाला बाटली उघडायचं ओपनर आणायला सांगायचंय आणि शब्द येत नाहीये. सरळ म्हणा, 'विअर ब्राउखन नोख एट्वास, वोमिट मान दी फ्लाशन आउफमाख्ट', म्हणजे बाटल्या ज्याने उघडतात असं काहीतरी अजून हवंय. यात क्रियापद शेवटी जातं, आपल्या मराठीसारखंच, ते घाईत चुकेल असं वाटलं तर दोन छोटी वाक्यं करा: 'विअर ब्राउखन नोख एट्वास. दामिट माख्ट मान दी फ्लाशन आउफ.' दामिटनंतर क्रियापद लगेच येतं, वाक्य छोटं राहतं, मला तर टेन्शनमध्ये हेच जास्त भरवशाचं वाटतं.

बहुतेक वेळा पार्टनर लगेच म्हणतो, 'आख झो, आइनन फ्लाशनओफ्नर!' तेव्हा नुसती मान हलवून पुढे जाऊ नका, तो शब्द उचला, 'गेनाउ, आइनन फ्लाशनओफ्नर. कान्स्ट डू देन मिटब्रिंगन?' आता आर्टिकलही फुकट मिळालं, प्लॅनही पुढे सरकला आणि दोघांचा संवाद चाललाय हे परीक्षकांना दिसतं, त्याचे मार्क वेगळे असतात.

दुसऱ्या भागात मात्र एकट्याने प्रेझेंटेशन द्यायचं असतं, तिथे पार्टनर वाचवायला येत नाही. विषय पॅकेजिंगचा कचरा असेल आणि 'फरपाकुंग' आठवत नसेल, तर 'दास प्लास्टिक उम दास गेम्यूज', भाजीभोवतीचं प्लास्टिक, एवढं पुरे. वर्णन एका वाक्यात संपवा आणि मुद्द्यावर परत या. काही जण त्या एका वस्तूचा रंग, आकार, किंमत सगळं सांगत बसतात आणि स्वतःचा अनुभव, भारतातली परिस्थिती, फायदे-तोटे हे सांगायचंच राहून जातं, आणि मार्क तर त्याचे आहेत. आणि हो, विषयाचा मुख्य शब्द कागदावर छापलेला असतो, आधी तिकडे बघा ना!

क्रियापद अडलं तर प्रकार वेगळा. 'विअर म्युसन आइनन टिश...' इथपर्यंत आलात आणि शेवटचं 'रेझर्वीरन' गायब. ते वाक्य ओढत बसू नका, सोडून द्या, 'आल्झो' म्हणा आणि नवीन वाक्य: 'विअर रूफन इम रेस्टोराँ आन उंड झागन, दास विअर उम झीबन कोमन.' फोन करून सांगू की सातला येतोय. अर्थ पोचला.

विचार करायला वेळ हवा असेल तर 'वी हाइस्ट दास नोख माल?' म्हणा, पण पूर्ण परीक्षेत एकदा, फार तर दोनदा. लांब 'अंऽऽ' पेक्षा किंवा सवयीने इंग्लिश शब्द टाकण्यापेक्षा ते कधीही बरं.

प्रॅक्टिस घरच्या वस्तूंवर करा. मी लाटणं, गाळणी, कुलूप, छत्री असे कागद घडी करून ठेवते, एकाने उचलायचा आणि नाव न घेता जर्मनमध्ये सांगायचं, दुसऱ्याने ओळखायचं. लाटण्याला 'दास इस्ट आउस होल्झ' एवढंच सांगितलं तर खुर्चीपासून चमच्यापर्यंत काहीही येतं, 'दामिट माख्ट मान देन टाइग फ्लाख', याने कणीक सपाट करतात, म्हटलं की लगेच ओळखतात. म्हणून कशाची आहे त्याआधी कशासाठी आहे ते सांगा. दोन वाक्यांत समोरच्याने ओळखलं नाही तर तिसरं वाक्य जोडू नका, सुरुवातच बदला, वस्तूऐवजी ती कुठे सापडते तिथून, 'इन देअर क्युखं' वगैरे, आणि समोर शक्यतो मराठी न येणारा पार्टनर बसवा, आपला मित्र आपलं अर्धवट जर्मनही समजून घेतो.