अनोळखी ब्रँडची कोल्हापुरी घेताना रिव्ह्यू असे तपासा

ऑनलाइन कोल्हापुरी चप्पल दिसली, ४.६ रेटिंग, पण ब्रँडचं नाव कोल्हापुरातल्या शिवाजी मार्केटजवळच्या चप्पल लाइनीतही कुणी ऐकलेलं नाही. अशा वेळी सरासरी बाजूला ठेवा आणि रिव्ह्यू 'नवीन आधी' असे लावून तारखा बघा. बरेचसे पाच तारे दोन-चार दिवसांतच पडलेत आणि पुढे-मागे शुकशुकाट आहे, तर दाट संशय घ्या. सेलमध्येही अशी गर्दी होते, पण तेव्हा तक्रारीही सोबत येतात.

मग दोन-तीन तारेवाले वाचा. खरी कातडी चप्पल वापरणारा अंगठा चावला, नंबर लहान निघाला, तेल लावल्यावर मऊ पडली, असं काहीतरी लिहितोच. 'मस्त प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी' कुठल्याही वस्तूला चालतं. जुन्या रिव्ह्यूत मोबाइल कव्हरचा उल्लेख सापडला, तर दुसऱ्याच वस्तूचे तारे इथे चिकटवलेत. तिथून घेऊच नका.

'व्हेरिफाइड' शिक्क्यावरही विसंबू नका. काही विक्रेते आधी खरेदी करायला लावतात आणि पाच तारे दिले की पैसे परत करतात.