घाटात नकाशा हरवू नये म्हणून: फोन गाडीच्या स्क्रीनला आधी वायरनं, मग बिनवायरचा

खानापूरच्या चुलत भावानं गेल्या उन्हाळ्यात जुनी गाडी घेतली. स्क्रीन चांगली मोठी, फोनमधला नकाशा आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारं अँड्रॉइड ऑटो असलेली. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, ‘दादा, चार्जिंग होतंय, पण स्क्रीनवर कायबी येईना.’ रविवारी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटानं गोव्याला जायचं ठरलं होतं आणि गाडी घेतल्यापासून त्याला नकाशा समोर मोठा दिसायला हवा होता. त्या शनिवारी आम्ही दोघांनी अंगणात बसून जे केलं, तेच इथं क्रमानं लिहितो.

आधी गाडी काय आहे ते ओळखा. स्क्रीन आहे म्हणजे नकाशा दिसेलच, असं नाही. कित्येक गाड्यांत नुसतं ब्लूटूथ असतं. त्यावर गाणी वाजतात, फोन घेता येतो, पण नकाशा कधीच येणार नाही. स्क्रीनच्या मेनूत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असं नाव दिसलं, तरच पुढं वाचा. फोन अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा असेल तर अँड्रॉइड ऑटो त्यात आधीच असतं, वेगळं अ‍ॅप शोधत बसू नका. आयफोनवाल्यांचं कारप्लेही फोनमध्येच असतं, फक्त सिरी चालू ठेवावी लागते.

केबल

बिनवायरचा मोह सगळ्यांनाच होतो, पण पहिली जोडणी वायरनंच करा. काही बिघडलंच, तर दोष केबलचा, फोनचा की गाडीचा हे वायरवर लवकर कळतं. बिनवायरमध्ये ब्लूटूथ आणि वाय-फाय अशी आणखी दोन कारणं त्यात मिसळतात.

भावाची केबल बाजारपेठेत मिळणारी स्वस्तातली होती. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. त्यामुळं फोन आनंदानं चार्ज होतो आणि गाडीला मात्र फोन लावलाय हे कळतच नाही. ‘चार्जिंग होतंय म्हणजे केबल ठीक आहे’ हा समज त्यामुळंच फसवा आहे. केबल तपासायला ती संगणकाला लावा आणि फोनवर आलेल्या सूचनेत फाइल पाठवण्याचा पर्याय निवडा. संगणकावर फोनमधले फोटो दिसले तर केबल माहिती वाहते. नाही दिसले तर दुसऱ्या केबलनं एकदा करून बघा. तिनं दिसले, म्हणजे पहिली फक्त चार्जिंगची.

आम्ही फोनबरोबर आलेली मूळ केबल कपाटातून काढली. नवी घ्यायची असेल तर दुकानात ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगा आणि एक मीटरपेक्षा लांब घेऊ नका. मध्ये जोडपिन किंवा वाढीव वायरही नको.

मूळ केबल लावूनही स्क्रीन गप्पच. मग लक्षात आलं, गाडीत दोन यूएसबी जागा होत्या आणि आम्ही चुकीच्या जागेत लावलं होतं. बऱ्याच गाड्यांत एकच जागा स्क्रीनला जोडलेली असते, दुसरी केवळ चार्जिंगची. जिच्याजवळ फोनचं किंवा गाण्याचं चिन्ह असेल ती बहुधा आपली. चिन्ह नसेल तर दोन्हीत लावून बघायचं, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही.

आणि फोनचं भोकही बघा. खानापूर भागातली तांबडी धूळ आणि खिशातला कापसाचा गुंता मिळून आत घट्ट थर बसतो. केबल नीट ‘टक’ करून बसत नसेल, खड्ड्यात गाडी आदळली की जोडणी तुटत असेल, तर हेच कारण असायची शक्यता मोठी. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं हळूच कोरून काढा. सुई किंवा पिन घालू नका.

पहिली जोडणी

गाडी थांबलेली हवी, हँडब्रेक ओढलेला हवा. चालत्या गाडीत पहिली नोंद बहुतेक गाड्या करूच देत नाहीत. मग असं करा:

1. गाडी सुरू करून स्क्रीन पूर्ण उघडू द्या, फोनचं लॉक काढून ठेवा.
2. केबल लावा. फोनवर परवानग्यांची रांग येईल: स्थान, संपर्क, फोन, सूचना. स्थानाची नाकारलीत तर तुम्ही कुठं आहात ते नकाशाला कळणार नाही.
3. गाडीच्या स्क्रीनवर विचारलं तर होकार द्या.
4. काहीच आलं नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत `Android Auto` टाइप करा. उघडलेल्या पानावर `Previously connected cars` मध्ये जुन्या गाड्यांची यादी असते. ती पुसून टाका, केबल काढून पुन्हा लावा.

भावाच्या बाबतीत चौथी पायरीही लागली. गाडी सेकंडहँड होती आणि गाडीच्या स्क्रीनमध्ये आधीच्या मालकाचे चार-पाच फोन नोंदलेले होते. ते सगळे आम्ही गाडीच्या मेनूतूनही काढले. जुनी गाडी घेतलेल्यांनी हे करावंच, नाहीतर नव्या फोनला जागा मिळत नाही आणि दुसऱ्याचे संपर्कही तिथं पडून राहतात.

आता वायर काढा

वायरवर अर्धा तास नीट चाललं, की बिनवायरकडं वळा. इथं गाडी फोनला आधी ब्लूटूथवर ओळखते आणि त्याच वाटेनं स्वतःच्या वाय-फायची माहिती देते. मग फोन त्या वाय-फायला जोडला जातो आणि नकाशा, गाणी तिथून जायला लागतात. नकाशासाठी ब्लूटूथचं काम ओळख करून देण्यापुरतं. म्हणूनच ‘ब्लूटूथ जोडलंय, गाणी वाजतात, पण नकाशा नाही’ अशी तक्रार असेल तर बिघाड वाय-फायच्या पायरीवर आहे असं समजा.

त्यासाठी फोन साधारणपणे अँड्रॉइड ११ किंवा पुढचा हवा आणि त्याचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झचं हवं. काही स्वस्त फोनांत फक्त २.४ असतं, त्यांवर हे जमत नाही. घरी दोन्ही पट्ट्यांचा राउटर असेल तर सोपी परीक्षा आहे: त्याचं ५ गिगाहर्ट्झचं नाव फोनला यादीत दिसतं का ते बघा. आणि अर्थातच गाडीतही बिनवायरची सोय हवी. गाडी फक्त वायरची असेल तर यूएसबीत लावायचं छोटं वायरलेस डोंगल मिळतं, पण ते जिथं वायरनं अँड्रॉइड ऑटो आधीच चालतं तिथंच उपयोगी. नुसत्या ब्लूटूथच्या गाडीला ते लावून पैसे वाया घालवू नका.

फोनचं ब्लूटूथ, वाय-फाय दोन्ही चालू करा, गाडीच्या मेनूतून फोन जोडा, आणि अँड्रॉइड ऑटोच्या पानावर बिनवायरचा पर्याय सुरू आहे ना ते बघा. आयफोनला बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगवरचं आवाजाचं बटण दाबून धरलं की जोडणी सुरू होते.

आमचं जोडलं गेलं, पण अंगणात दर दोन मिनिटांनी तुटत होतं. कारण सापडायला वेळ लागला. मागच्या सीटवर पुतण्यानं भावाच्याच फोनचा हॉटस्पॉट घेऊन व्हिडिओ लावले होते. एकाच वाय-फायला गाडीशीही बोलायचं आणि पोराला इंटरनेटही वाटायचं, हे अनेक फोनांना झेपत नाही. हॉटस्पॉट बंद केला आणि तुटायचं थांबलं. पोरानं तोंड फुगवलं, त्याला आजीचा फोन दिला. बॅटरी वाचवायचा मोड चालू असेल तरी असंच तुटतं. तो बंद ठेवा.

कणकुंबीच्या आधी करायचं काम

जोडणी उत्तम झाली तरी नकाशा येतो फोनमधून, आणि फोनला तो इंटरनेटवरून मिळतो. जांबोटी सोडून जंगल सुरू झालं की नेटवर्क जातं, परत येतं, पुन्हा जातं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळं निळा बाण सरकत राहतो, पण खाली रस्त्याऐवजी कोरा करडा पडदा दिसतो. लोक तेव्हा गाडीच्या स्क्रीनला शिव्या घालतात.

उपाय घरी वाय-फायवर करायचा. गूगल मॅप्समध्ये वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करा, `Offline maps` उघडा, `Select your own map` निवडा. चौकट अशी ओढा की बेळगाव आणि पणजी दोन्ही आत येतील, वाटेतले साखळी, डिचोलीही. किती एमबी लागतील ते खाली दिसतं, मग डाउनलोड. निघायचं आणि पोचायचं ठिकाण दोन्ही चौकटीत असलं की नेटवर्कशिवाय गाडीची वाट निघते आणि फाटा चुकला तरी नवी वाट मिळते. पण वाहतुकीची कोंडी आणि बंद रस्ते त्यात कळत नाहीत. पावसाळ्यात घाटात दरड पडली असेल तर नकाशा तुम्हाला तिकडंच नेईल. जांबोटीत चहाला थांबून समोरून आलेल्या ड्रायव्हरला विचारणं मला अजूनही जास्त भरवशाचं वाटतं.

गाण्यांचंही तसंच. ऑनलाइन गाणी घाटात अडकतात. यूट्यूब म्युझिकवर डाउनलोड करायला पैसे भरावे लागतात. फोनमध्ये एमपीथ्री असतील तर व्हीएलसी हे अ‍ॅप टाका, ते अँड्रॉइड ऑटोत चालतं. गाडीच्या स्क्रीनवर दिसलं नाही तर फोनच्या अँड्रॉइड ऑटोच्या पानावर `Customize launcher` मध्ये त्यावर खूण करा. भावाकडं वडिलांनी जमवलेली भजनं होती, ती कणकुंबीपासून केरीपर्यंत एकदाही न अडकता वाजली.

राहिला प्रश्न रोज काय वापरायचं याचा. बिनवायरमध्ये फोनचं वाय-फाय, जीपीएस आणि इंटरनेट एकदम चालतात, फोन तापतो, बॅटरी झपाट्यानं उतरते. त्यात तो उन्हात डॅशबोर्डवर किंवा बिनवायरच्या चार्जरवर ठेवला तर आणखी तापतो, मग चार्जिंग थांबतं, नकाशा रेंगाळतो. बेळगावातल्या बेळगावात, शहापूर ते कॅम्प असा फेरा असेल तर फोन खिशातच राहू दे, बिनवायर बरं. घाट ओलांडायचा असेल तर मी केबलच लावतो. गाडीच्या यूएसबीतून चार्जिंग हळू होतं, पण बॅटरी निदान झपाट्यानं तरी उतरत नाही. त्या रविवारी भाऊ पणजीला पोचला तेव्हा फोन एकसष्ट टक्क्यांवर होता, निघताना सत्तर होता. परतीच्या वाटेवर त्यानं केबल पुतण्याला दिली नाही.