एस्सेल्सीत विषय राहिला? परीक्षा-2 चा फॉर्म भरण्याआधी

निकालाच्या दिवशी आमच्या खानापूर तालुक्यातल्या घराघरांत एकच प्रश्न असतो, "सप्लिमेंटरी कधी आहे?" सवयीमुळे शब्द तोच राहिलाय, पण कर्नाटकात दहावीला त्या नावाची परीक्षा आता नाही. 2024 पासून राज्याचं परीक्षा मंडळ वर्षात तीन परीक्षा घेतं: परीक्षा-1, परीक्षा-2 आणि परीक्षा-3. पहिली मार्चच्या सुमारास होते. तिचा निकाल लागल्यावर दुसरी आणि मग तिसरी. जुन्या पूरक परीक्षेचं काम आता या दोन्ही करतात.

आधी निकाल नीट वाचा. 2025-26 पासून एस्सेल्सीला पास होण्यासाठी दोन अटी आहेत. प्रत्येक विषयात लेखी आणि अंतर्गत गुण मिळून किमान 30 टक्के हवेत, आणि एकूण 625 पैकी 206. नापास मुलगा यांतल्या कुठल्या अटीवर अडकलाय, हे घरच्यांना बऱ्याचदा कळतच नाही.

मराठी माध्यमातल्या एका मुलीचे गुण समजा असे आहेत: मराठी 125 पैकी 78, इंग्रजी 42, कन्नड 45, गणित 27, विज्ञान 38, समाज 51. बेरीज 281. म्हणजे एकुणात ती कितीतरी पुढे आहे, अडलंय फक्त गणितात. त्या 27 मध्ये अंतर्गत 17 आणि लेखी 80 पैकी 10. अंतर्गत गुण तसेच पुढे येतात, त्यामुळे तिला लेखीत 13 मिळाले तरी पुरे. पोरगी "गणित मला जमतच नाही" म्हणून रडत असेल, तर तिला हा तीन गुणांचा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

आता उलटं बघा. एखाद्याला मराठीत 38 आणि बाकी पाचही विषयांत बरोबर 30 मिळाले. विषय एकही गेला नाही, पण बेरीज 188 होते. 206 ला 18 कमी, म्हणून नापास. अशाने कन्नड धरावं की गणित, हा प्रश्न वेगळा ठरतो. जिथे गुण पटकन वाढतील तो विषय त्याने घ्यावा. आमच्याकडे मराठीकडे "आपलीच भाषा" म्हणून दुर्लक्ष होतं, पण ती सव्वाशे गुणांची आहे.

कोण बसू शकतं? परीक्षा-1 साठी नोंदणी झालेली असली पाहिजे, हे मुख्य. मग विषय राहिलेला असो, आजारपणामुळे पेपर बुडालेला असो, किंवा पास होऊनही गुण वाढवायचे असोत. गुण कमी पडले तर आधीचे जातील ही भीती नको, विषयवार जे जास्त असतील तेच धरले जातात.

फॉर्म शाळेतूनच भरायचा. मुलाने घरून मोबाईलवर भरायचा हा फॉर्म नव्हे, नोंदणी मुख्याध्यापक शाळेच्या लॉगिनमधून करतात. मुदत थोड्याच दिवसांची असते आणि परिपत्रक कन्नडमध्ये येतं. त्यामुळे `karresults.nic.in` वर निकाल बघितला की दुसऱ्याच दिवशी शाळा गाठा. कुठले विषय भरले याची छापील प्रत सरांकडून मागून घ्या आणि तिथेच उभं राहून तपासा.

इथे एक चूक दरवर्षी होते. पेपर चुकीचा तपासलाय असं वाटलं, तर उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. पण त्याच्या निकालाची वाट बघत परीक्षा-2 ची मुदत हुकवू नका. दोन्ही अर्ज एकाच वेळी करा. गुण वाढले तर बरंच, नाहीतर पेपर हातात आहेच.

हॉल तिकिटावर केंद्र बघा. परीक्षा-2 ला मुलं कमी, म्हणून केंद्रंही कमी असतात आणि मार्चमधलं केंद्र मिळेलच असं नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांना पावसात तालुक्याला यावं लागलं तर पहाटेची बस आदल्या दिवशीच विचारून ठेवावी.

पलीकडच्या नियमांशी गल्लत नको. भाऊ इथे निपाणीला आणि बहीण सीमेपलीकडे कागलला, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. महाराष्ट्रात विषयाला 35 गुण लागतात, जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. ही सोय कर्नाटकात नाही, इथे पी.यू.सी.ला जायचं तर सगळे विषय सुटले पाहिजेत. "कंपार्टमेंट" हा शब्द सीबीएसईचा, त्याचा आपल्या एस्सेल्सीशी संबंध नाही.

परीक्षा-2 मध्येही विषय राहिला तर परीक्षा-3 आहे, पण तोवर पी.यू.सी.चे वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. गणिताचे ते तीन गुण दुसऱ्याच खेपेला काढलेले बरे.