गरोदरपणात फायब्रॉइडची गाठ अचानक दुखू लागली तर या चुका टाळा

शनिवारी रात्री पावणेबाराला भांडुपहून फोन आला. पलीकडून नवरा बोलत होता, मागे बायको कण्हत होती. तेहेतीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण, अठरावा आठवडा. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या उजव्या बाजूला सात सेंटीमीटरची फायब्रॉइडची गाठ दिसली होती. गाठीचं सगळ्या घराला माहीत होतं, आणि पुढचे तीन तास त्यातच वाया गेले होते. सासूबाई म्हणाल्या, "गॅस धरलाय, ओवा चाव." नवऱ्याला वाटलं, गाठ फुटली. मग तिने पाळीत दुखायचं तेव्हाची उरलेली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेतली. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. दुखणं थोडं कमी झालं आणि दोन तासांनी दुप्पट जोराने परत आलं.

तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दुखणं मात्र अगदी ठरावीक पद्धतीचं आहे, आणि त्यात होणाऱ्या चुकाही ठरावीकच.

गाठीला रक्त कमी पडतं, म्हणजे नेमकं काय

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ. ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांवर जगते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, ती वाढते, पण तिला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या त्याच वेगाने वाढत नाहीत. मधल्या भागाला रक्त कमी पडतं, कडेच्या शिरांत गुठळ्या होतात, आणि आतला भाग रक्ताने भरून निर्जीव होतो. अशी गाठ कापून पाहिली तर आतून कच्च्या मांसासारखी लाल दिसते, म्हणून तिला रेड डीजनरेशन म्हणतात. पाच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठींत हे जास्त होतं, आणि सर्वांत जास्त दिसतं ते तिसऱ्या महिन्याच्या शेवटापासून सहाव्या महिन्यापर्यंत. कधीकधी बाळंतपणानंतरच्या दिवसांतही होतं.

निर्जीव होणाऱ्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ सुटतात. कळ येते ती त्यांच्यामुळे, आणि गर्भाशय थोडंसं आकुंचन पावतं तेही त्यांच्यामुळे. उपचाराची सगळी दिशा याच गोष्टीवरून ठरते. ती पुढे येईलच.

घरच्यांना मी एक वाक्य नेहमी सांगते: "डीजनरेशन म्हणजे गाठ सडली असं नाही, आणि कॅन्सर झाला असं तर मुळीच नाही." रिपोर्टमध्ये तो शब्द वाचला की निम्म्या घरांत रडारड सुरू होते. इथे जंतू नसतात. रक्त न मिळालेला भाग मरतो, सुजतो आणि हळूहळू शरीरच तो आवरतं.

पहिली चूक: "गाठ आहे म्हणजे गाठच दुखतेय"

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती फक्त घरच्यांकडूनच होते असं नाही. फाइलीवर "फायब्रॉइड" लिहिलेलं दिसलं की ड्यूटीवरचा दमलेला डॉक्टरही पुढचा विचार थांबवू शकतो. पण अठराव्या आठवड्यात उजव्या बाजूला दुखतंय म्हणजे ॲपेंडिक्सही असू शकतो, अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, मूत्रखडा असू शकतो. पुढच्या महिन्यांत वार सुटणं आणि वेळेआधी कळा सुरू होणं यांचीही त्यात भर पडते.

त्यात रक्ताच्या तपासण्या फसवतात. गरोदरपणात पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात, पंधरा हजारांपर्यंत गेल्या तरी सगळं ठीक असू शकतं. भांडुपच्या पेशंटच्या १३,४०० होत्या. हा आकडा ना गाठीचा, ना ॲपेंडिक्सचा. ताप १०० फॅरनहाइट होता. रेड डीजनरेशनमध्ये एवढा ताप येतो, आणि ॲपेंडिक्सच्या सुरुवातीलाही येतो.

म्हणून अशा वेळी माझा भरवसा पहिल्यांदा बोटावर असतो. पेशंटला सांगते, "जिथे सर्वांत जास्त दुखतं तिथे एका बोटाने दाखवा." गाठीचं दुखणं असेल तर बोट थेट गाठीवर पडतं, आणि तिथे हळूच दाबलं तरी बाई दचकते. दुसरी जुनी युक्ती म्हणजे कूस बदलणं. पाठीवर झोपलेली असताना दुखरी जागा ठरवायची, मग तिला डाव्या कुशीवर वळवायचं. वाढलेलं गर्भाशय थोडं डावीकडे सरकतं. दुखणं त्याच्याबरोबर सरकलं तर ते गर्भाशयाचं असण्याची शक्यता जास्त. जागेवरच राहिलं तर ॲपेंडिक्सचा संशय वाढतो. ही खूण शंभर टक्के खरी नसते, आणि घरी करून निकाल लावण्यासाठी तर मुळीच नाही. पण रात्री दोन वाजता पुढची तपासणी कोणती करायची ते तिच्यावरून सुचतं.

तिचं बोट बरोबर गाठीवर पडलं, आणि डाव्या कुशीवर वळल्यावर दुखरी जागाही सरकली. सोनोग्राफीत बाळाचे ठोके चांगले होते, गर्भाशयाचं तोंड साडेतीन सेंटीमीटर लांब आणि बंद होतं. गाठ साडेसात सेंटीमीटर झाली होती, मधोमध काळसर पोकळ्या दिसत होत्या आणि डॉपलरवर आत रक्तप्रवाह नव्हता. प्रोब गाठीवर दाबला की तीच कळ यायची. ॲपेंडिक्स मात्र दिसलं नाही. गरोदरपणात ते बरेचदा दिसतच नाही, आणि "दिसलं नाही" याचा अर्थ "ठीक आहे" असा होत नाही. म्हणून सर्जनला बोलावलं, आणि त्यांनी सहा तासांनी पुन्हा हात लावून पाहिलं. शंका राहिली असती तर कॉन्ट्रास्ट न देता एमआरआय केला असता. त्याची वेळ आली नाही.

उलटही घडतं: दुखणं गाठीचंच असतं आणि पहिल्या दिवशीची सोनोग्राफी अगदी जुन्यासारखीच येते. गाठीच्या आतला बदल चित्रात उतरायला वेळ लागू शकतो. "सोनोग्राफी नॉर्मल आहे, उगाच बाऊ करताय" असं त्या बाईला ऐकवणं अन्यायाचं आहे.

दुसरी चूक: घरातली पेनकिलर, आणि तिच्या उलट काहीच न घेणं

आता प्रोस्टाग्लँडिनकडे वळू. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन या गोळ्या नेमक्या त्याच पदार्थांना अडवतात, म्हणून या दुखण्यात त्या चांगल्या लागू पडतात. घोटाळा इथेच होतो. गोळी लागू पडली म्हणून केमिस्टकडून पट्टी आणून आठवडाभर घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. साधारण २० आठवड्यांनंतर याच गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात. ३० आठवड्यांच्या पुढे बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. म्हणून त्या मोजून, थोडेच दिवस आणि गर्भजलावर लक्ष ठेवूनच दिल्या जातात. शिवाय तपासणीआधी घेतलेली जोरदार गोळी दुखणं झाकते, मग डॉक्टरच्या बोटाखाली खरी जागा सापडत नाही.

उलट टोक म्हणजे बाळाच्या भीतीने काहीच न घेणं. कळ सोसत राहिलं की बाई जेवत नाही, उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि गर्भाशय आणखी चिडतं. हॉस्पिटलकडे निघायला वेळ लागणार असेल आणि तुमच्या डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर पॅरासिटामॉल चालतं. घेतलेल्या प्रत्येक गोळीचं नाव आणि वेळ लिहून न्या.

तिला आम्ही सलाइन, उलटीचं इंजेक्शन आणि दर सहा तासांनी एक ग्रॅम पॅरासिटामॉल दिलं. पहिल्या रात्री तेवढ्याने भागेना, म्हणून एक जास्त ताकदीचं वेदनाशामक इंजेक्शन दिलं. सकाळी सर्जनने ॲपेंडिक्सची शक्यता जवळजवळ बाजूला केली. त्यानंतर इंडोमेथासिन २५ मिलिग्रॅम दर सहा तासांनी, खाल्ल्यावर, फक्त ४८ तास. अठरावा आठवडा असल्याने ते देता आलं. बत्तिसावा असता तर दिलं नसतं. दुसऱ्या संध्याकाळी तिने वरण-भात मागितला. दुखण्याचा उतार मोजायला मी हेच माप वापरते.

तिसरी चूक: "अँटिबायोटिक द्या", "गाठ काढूनच टाका"

ताप आहे म्हणून तिला आधी कुणीतरी अँटिबायोटिक सुरू केलं होतं. लघवी स्वच्छ होती आणि जंतुसंसर्गाचं दुसरं कारण सापडलं नाही, म्हणून ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, एवढं दुखतंय तर गाठ काढूनच टाका ना." प्रश्न साधा होता आणि प्रेमापोटी होता. पण गरोदरपणात गर्भाशयाला एरवीपेक्षा कितीतरी पटीने जास्त रक्त असतं, आणि त्यात भिंतीतली गाठ खोदून काढायची. रक्तस्राव आवरला नाही तर गर्भ जाऊ शकतो, क्वचित गर्भाशयही काढावं लागतं. हे दुखणं दोन-चार दिवसांत उतरतं आणि एक-दोन आठवड्यांत शमतं, मग त्यासाठी एवढा धोका घ्यायचा नाही. ऑपरेशनची खरी वेळ येते ती बाहेर देठाला लटकलेल्या गाठीला पीळ पडतो तेव्हा, किंवा औषधांनी दुखणं आवरतच नाही अशा दुर्मीळ वेळी. सिझेरियन करताना "लगे हात" गाठ काढा असाही आग्रह होतो. सहसा काढत नाहीत, कारण त्या वेळीही रक्त खूप जातं.

चौथी चूक: बरं वाटल्यावरही घाबरून पलंग धरणं

ती चौथ्या दिवशी घरी गेली. सासूबाईंनी तिला बाळंतपणापर्यंत उठूच द्यायचं नाही असं ठरवलं. तसं करू नका. गरोदरपणात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका आधीच जास्त असतो आणि पडून राहिल्याने वाढतो. दोन-तीन दिवस आराम, मग घरात फिरणं, आणि नोकरीवर रुजू व्हायचं तेव्हा गर्दीची लोकल टाळता आली तर उत्तम. पोटाला कोपर लागला की गाठीला ठणका बसतो, ही तिची स्वतःची तक्रार होती.

पण पुढच्या गोष्टींपैकी एकही झाली तर वाट पाहू नका, रात्र असली तरी निघा आणि वाहन मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं. पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल न पडणं. चक्कर येऊन कोसळणं. ताप १०१ च्या वर जाणं. काही पोटात न टिकणं. लघवी अडणं. आणि औषध चालू असताना चोवीस तासांनी दुखणं कमी न होता वाढणं किंवा जागा बदलणं. जवळच्या छोट्या सोनोग्राफी सेंटरसमोर रांग लावत बसू नका. रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ, सर्जन आणि सोनोग्राफी एका छताखाली असतील अशा प्रसूतिगृहाच्या किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. बरोबर जुने रिपोर्ट न्या, म्हणजे गाठ कुठे आणि केवढी होती हे कळेल. ओळखपत्रही न्या, कारण गरोदर बाईच्या सोनोग्राफीला गर्भलिंग निदानबंदी कायद्याखालचा फॉर्म एफ भरावा लागतो.

गरोदर नसलेल्या बायकांसाठी एकच नोंद. वयोमानाने पाळी कायमची थांबल्यावर गाठ वाढू लागली आणि दुखू लागली, तर ती "डीजनरेशन असेल" म्हणून सोडून देऊ नका, लवकर तपासून घ्या.

भांडुपच्या घरातली कळ दहाव्या दिवशी पूर्ण थांबली. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भजल ठीक होतं. गाठ वाट अडवत नव्हती म्हणून नॉर्मल बाळंतपणाची तयारी ठेवली, पण अशा गाठींत बाळंतपणानंतर रक्त जास्त जाऊ शकतं, म्हणून ब्लड बँकेत रक्त सांगून ठेवलं होतं. त्यातली एक पिशवी लागली.