‘जर–तर’मधल्या या दोन चुका टाळा

‘कोयनेतून मोठा विसर्ग झाला, तर चिकोडी तालुक्यात कृष्णेचं पाणी चढतं.’ नदीकाठच्या पोरासोरांनाही हे पाठ आहे आणि ते खरंही आहे. पण या खऱ्या वाक्यातून लोक दोन चुकीचे निष्कर्ष काढतात. ‘पाणी चढलंय, म्हणजे कोयना सोडली’ हा पहिला. ‘कोयना सोडलेली नाही, म्हणजे पाणी चढणार नाही’ हा दुसरा. तर्कशास्त्रात ‘तर’च्या आधीच्या भागाला पूर्वांग म्हणतात आणि नंतरच्या भागाला उत्तरांग. पहिल्या चुकीत उत्तरांग खरं धरून पूर्वांग गळ्यात मारलं जातं. दुसऱ्या चुकीत पूर्वांग नाकारून उत्तरांगही नाकारलं जातं.

दुसरी चूक महागात कशी पडते, ते आमच्या नात्यातल्या एका अण्णांनी दाखवून दिलं. त्यांची ऊस भिजवायची मोटर नदीकाठी असते. पावसाळ्यात पाणी वाढू लागलं की शेजारपाजारचे लोक मोटरी वर काढतात. त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, “कोयनेचे दरवाजे बंद आहेत, मी बातमी ऐकलीय. कशाला उगीच माणसं लावायची?” बातमी खरी होती. पण पाऊस कोल्हापूरच्या बाजूला लागला होता. कोयना कृष्णेला कऱ्हाडात मिळते, त्यानंतर सांगलीजवळ वारणा मिळते, नरसोबावाडीला पंचगंगा. हे सगळं होऊन नदी आपल्याकडे येते. कोयना बंद असली म्हणून पंचगंगेनं थांबावं असा काही करार नाही. सकाळी मोटर आणि स्टार्टरची पेटी, दोन्ही पाण्याखाली.

पूर ओसरल्यावर मोटर उघडून वाळवली, वाइंडिंग तपासून घेतलं आणि पुन्हा बसवली. बटण दाबल्यावर मोटर फिरली, पाणी मात्र येईना. इथे अण्णांनी पहिली चूकही करून टाकली. “मोटर जळाली की पाणी येत नाही. पाणी येत नाहीय, म्हणजे जळालीच!” लगेच टेम्पोत घालून निपाणीला. मेकॅनिकनं तपासून सांगितलं, वाइंडिंग ठणठणीत आहे. टेम्पोभाडं जाण्या-येण्याचं.

खरं तर घरीच कळलं असतं. वाइंडिंग जळालं तर मोटर नीट फिरत नाही, नुसती घुमते किंवा फ्यूज उडवते. ही तर नीट फिरत होती, म्हणजे जळालेली नव्हती. हा निष्कर्ष पक्का, कारण इथे उत्तरांग नाकारून आपण मागे पूर्वांगाकडे गेलो. पाणी न येण्याची बाकी कारणं राहिली: सक्शन पाइपात हवा, पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा फूट व्हॉल्व्ह गळका, फेरे उलटे. पंपात वरून पाणी भरून पाहिलं तर पातळी भराभर खाली गेली. फूट व्हॉल्व्हच्या झडपेत पुराचा गाळ आणि उसाचा पाला अडकला होता.

माझ्या वर्गातली स्पर्धा परीक्षेची पोरं हेच कागदावर करतात. कुठल्या तरी व्हिडिओत त्यांनी शॉर्टकट पाहिलेला असतो: ‘उलटा करा आणि नाही लावा.’ शॉर्टकट बरोबर आहे, पण तो अर्धाच वापरला तर घात होतो. नुसतं उलटवलं की पहिली चूक, नुसतं ‘नाही’ लावलं की दुसरी. दोन्ही एकदम केलं तरच ‘पाणी चढलं नाही, म्हणजे मोठा विसर्ग झालेला नाही’ हे बरोबर वाक्य मिळतं. घाईच्या पोरांना पहिली अर्धी पायरी झाली की पर्यायावर टिक मारायची असते. त्यांना मी पेन खाली ठेवायला लावतो.

माझी सवय साधी आहे. ‘तर’नंतरची गोष्ट आणखी कशानं होऊ शकते, ते एक तरी कारण शोधायचं. सापडलं, तर दोन्ही चुका एकदमच उघड्या पडतात, कारण मुळात दोघींचा भ्रम एकच: ‘तर’ला ‘तरच’ समजणं. न्यायदर्शनातल्या तर्कपंडितांनी हे कधीच हेरलं होतं. धूर तिथे अग्नी, पण अग्नी तिथे धूर असेलच असं नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर हवा तर ओलं जळण लागतं.

वाक्यात खरोखरच ‘तरच’ छापलेलं असेल, तर निष्कर्षाचा बाण उलटा धरायचा. ‘तिकीट असेल तरच आत सोडतील’ म्हणजे आत सोडलं तर तिकीट होतं. तिकीट असलं म्हणून सोडतीलच असं नाही.

आणि पाणी चढलेलं पाहून कोयनेचा संशय घ्यायला माझी हरकत नाही. मेकॅनिकही लक्षणावरूनच कारणाकडे जातो. फक्त तो आधी फुकटात होणारी तपासणी करतो, टेम्पो नंतर बोलावतो.