औषधांच्या बिलावरची सूट मोजताना या चुका टाळा

मेडिकलवाल्याने व्हॉट्सअॅपवर बिल पाठवलं, खाली ‘तुमची बचत 150.50 रुपये’ असं लिहिलंय, आणि आता प्रत्येक औषधावर नेमकी किती सूट मिळाली ते काढायचंय. हिशेब चौथीच्या गणिताचा आहे. छापील किमतीतून दिलेली किंमत वजा करा, छापील किमतीने भागा, शंभरने गुणा. तरीही एकाच बिलावरून घरातली दोन माणसं दोन वेगळी उत्तरं काढतात. गणित दोघांचंही बरोबर असतं, पण बिलावरून उचललेले आकडे वेगळे असतात.

एक बिल समोर ठेवूया. आकडे सोपे घेतलेत, घोळ मात्र नेहमीचे आहेत. बीपीची टेल्मिसार्टन: 15 गोळ्यांचं पाकीट, छापील किंमत 90 रुपये, घेतल्या 30 गोळ्या, बिलात 153 रुपये. शुगरची मेटफॉर्मिन: 20 गोळ्यांचं पाकीट, छापील 40, घेतल्या 30, बिलात 57. कोलेस्टेरॉलची रोझुव्हास्टॅटिन: 15 गोळ्यांचं पाकीट, छापील 168, घेतलं एकच पाकीट, बिलात 157.50. कॅल्शियम: 15 गोळ्यांचं पाकीट, छापील 150, घेतली दोन पाकिटं, बिलात 240. बेरीज 607.50. लॉयल्टी पॉइंट्सचे 50 वजा, घरपोच आणण्याचे 40 अधिक, म्हणजे 597.50. राउंड ऑफ करून 598.

पाकीट दहाचंच असणार, असं धरून चालणं

सगळ्यात मोठे घोळ इथे होतात, आणि ते पटकन लक्षातही येत नाहीत. बिलात संख्येच्या रकान्यात 30 लिहिलेलं असतं. काही सॉफ्टवेअर तीच संख्या 1:10 अशी दाखवतात, म्हणजे एक पूर्ण पाकीट आणि वर दहा सुट्या गोळ्या. एमआरपीच्या रकान्यात कधी पाकिटाची किंमत असते, कधी एका गोळीची. मेटफॉर्मिनचं पाकीट दहाचं धरलं, तर तीस गोळ्यांची छापील किंमत 120 रुपये होते आणि 57 रुपयांना घेतल्यावर साडेबावन्न टक्के सूट दिसते! प्रत्यक्षात पाकीट वीसचं आहे. एक गोळी दोन रुपयांना, तीस गोळ्या साठ रुपयांना. सूट तीन रुपये, म्हणजे 5 टक्के.

म्हणून छापील किंमत आधी एका गोळीवर आणावी आणि मगच पुढे जावं. पाकिटावर किमतीजवळच ती किती गोळ्यांची आहे हे लिहिलेलं असतं. तेवढा तुकडा कापून गेला असेल, तर बिलातला ‘पॅक’ रकाना पाहा. तिथे 20's असं काहीतरी सापडतं. सुट्या गोळ्या घेतल्या की दुकानदार पाकीट कापतो, आणि छपाईचा भाग नेमका त्याच्याकडे राहू शकतो. तसं होणार असेल तर काउंटरवरच पाकिटाचा फोटो काढून घ्यावा. बाटलीचं औषध असेल तर ही भानगड नाही, पण इन्सुलिनच्या कार्ट्रिजवर मात्र किंमत एका कार्ट्रिजची की खोक्याची हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक खूण आहे. दरनियंत्रणाखाली येणाऱ्या औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरलेला असतो. त्यामुळे अशा औषधाच्या नावाजलेल्या ब्रँडवर पन्नास टक्के सूट दिसली, तर आनंदायच्या आधी पाकिटातल्या गोळ्या मोजा. जेनेरिकची गोष्ट वेगळी. तिथे छापील किंमत आणि दुकानदाराची खरेदी किंमत यांत इतकं अंतर असू शकतं, की साठ-सत्तर टक्के सूट देऊनही त्याला परवडतं. माझ्या मते तिथे सुटीची टक्केवारी बघूच नये, एका गोळीला किती पडले ते बघावं.

‘रेट’चा रकाना उचलणं

एमआरपीमध्ये सगळे कर आलेले असतात. बिलातला ‘रेट’ मात्र अनेकदा जीएसटी लागण्याआधीचा असतो. टेल्मिसार्टनची रक्कम 153 आहे. त्यातला 5 टक्के जीएसटी काढला तर 145.71 उरतात, म्हणजे गोळीला 4.86. हा रेट सहा रुपयांच्या छापील किमतीशी ताडला की सूट 19 टक्के येते. खरी सूट 15 टक्के. मधले चार टक्के कराचे आहेत आणि ते तुम्ही भरलेत.

ओळखायचं कसं? रेटला संख्येने गुणा. शेवटच्या ‘रक्कम’ रकान्यापेक्षा उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी कमी आलं, तर रेट करपूर्व आहे. तुलनेसाठी नेहमी करासकट रक्कम घ्यावी.

भागाकारातली चूकही इथेच सांगून टाकतो. सूट 27 रुपये. ती 153 ने भागली तर 17.6 टक्के, 180 ने भागली तर 15. छापील किमतीवर सूट मोजायची म्हणजे भागायचंही छापील किमतीनेच.

जुनी छापील किंमत खरी मानणं

रोझुव्हास्टॅटिनच्या ओळीत बिल म्हणतं: एमआरपी 168, सूट 10.50, म्हणजे 6.25 टक्के. हा 6.25 आकडा दिसला की थांबा.

22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याआधी छापलेल्या पाकिटावर 12 टक्के धरूनची किंमत असते. 168 मधली मूळ किंमत 150, त्यावर 12 टक्क्यांचे 18. कर 5 टक्के झाल्यावर तीच किंमत 157.50 होते. म्हणजे दुकानदाराने नव्या कमाल किमतीलाच औषध दिलंय. त्याने स्वतःच्या खिशातून दिलेली सूट शून्य. जुन्या साठ्यावर नवी चिकटपट्टी लावण्याची सक्ती करण्यात आली नव्हती. सुधारित दरपत्रक दुकानांपर्यंत पोचवायचं आणि त्यानुसार विक्री करायची, अशी सोय होती. त्यामुळे जुना आकडा छापलेली पाकिटं विकण्यात गैर काहीच नाही, पण करातली कपात ‘सूट’ म्हणून मिरवणं मला पटत नाही.

पाकिटावरची उत्पादनाची तारीख सप्टेंबर 2025 च्या आधीची असेल, तर मेडिकलमध्ये त्या औषधाचं सुधारित दरपत्रक मागा आणि त्यातल्या किमतीवर टक्केवारी काढा. ठोकळेबाज 6.25 वजा करू नका. काही औषधांवर आधीपासूनच 5 टक्के कर होता, त्यांची किंमत या कारणाने हललेली नाही. काही जीवरक्षक औषधांवरचा कर तर शून्य झाला. तिथे 12 वरून शून्यावर येताना किंमत 10.7 टक्क्यांनी उतरते.

याच ओघात बॅचचं बघा. एकाच गोळीच्या दोन बॅचवर दोन किमती असू शकतात. दरनियंत्रणाबाहेरच्या औषधाची किंमत उत्पादक बारा महिन्यांत दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो, आणि नियंत्रित औषधांच्या कमाल किमती एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलतात. घरात पडलेल्या मागच्या महिन्याच्या पाकिटावरून आजचं बिल तपासू नये. बिलातला बॅच नंबर आणि हातातल्या पाकिटावरचा बॅच नंबर जुळला, तरच तुलना.

अर्धवट स्क्रीनशॉट

मोबाइलवर बिल रुंदीत मावत नाही, मग उजवीकडचा रक्कम रकाना कापला जातो किंवा तळाची बेरीज निसटते. औषधाचं नाव दोन ओळींत गेलं की आकडे शेजारच्या औषधाचे वाटू लागतात. शक्य असेल तर पीडीएफच मागवावी. नाहीतर आधी रकमांची बेरीज करून ती 607.50 शी जुळते का बघावं. जुळली नाही तर टक्केवारीला हात लावण्यात अर्थ नाही. आणि ऑर्डर देण्याआधीच्या कार्टचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. त्यात बॅच नंबर नसतो, आणि पाठवलेल्या बॅचची किंमत वेगळी असू शकते.

दर महिन्याला हे करायचं असेल तर शीट बनवा. A मध्ये औषध, B मध्ये पाकिटातल्या गोळ्या, C मध्ये पाकिटाची लागू कमाल किंमत, D मध्ये घेतलेल्या गोळ्या, E मध्ये करासकट रक्कम:

```
=ROUND((C2/B2*D2-E2)/(C2/B2*D2)*100,1)
```

आपल्या चार औषधांची उत्तरं 15, 5, 0 आणि 20 येतात. त्यांची सरासरी 10, पण पूर्ण बिलावरची सूट 10 टक्के नाही. लागू किमतींची बेरीज 697.50, रकमांची 607.50, सूट 90 रुपये, म्हणजे 12.9 टक्के. महागड्या कॅल्शियमचं वजन जास्त पडलं.

पॉइंट्सचे 50 रुपये कुठल्याच एका औषधाचे नाहीत. वाटायचेच असतील तर रकमेच्या प्रमाणात वाटा: टेल्मिसार्टनच्या वाट्याला 12.59 येतात आणि तिची सूट 22 टक्क्यांवर जाते. पण दोन दुकानांची तुलना करायची असेल, तर मी पॉइंट्स बाजूलाच ठेवीन, कारण पुढच्या महिन्यात ते नसतील. घरपोचचे 40 मात्र दर वेळी जाणार. बिलातली 150.50 ची ‘बचत’ कराची कपात आणि पॉइंट्स धरून आहे, 40 रुपये सोडून.

उत्तर उणे आलं तर

उणे 0.1 वगैरे आलं तर ते पैशांच्या राउंडिंगमुळे. उणे 5 आलं तर आधी पॅक आणि बॅच पुन्हा बघा. तरीही उणेच राहिलं, तर दुकानदाराला पाकीट दाखवून विचारा. औषध किंमत नियंत्रण आदेश, 2013 प्रमाणे छापील किंमत आणि चालू दरपत्रकातली किंमत यांपैकी जी कमी असेल तिच्यावर एक पैसा घेता येत नाही, आणि सुट्या गोळ्यांनाही त्याच हिशेबाने जेवढे पडतील तेवढेच लावता येतात. ‘सुट्या घेतल्या म्हणून दोन रुपये जास्त’ हे चालत नाही. नियंत्रित औषधाची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ अॅपवर सापडते. दुकानदाराने दाद दिली नाही, तर तक्रारही याच प्राधिकरणाकडे करायची. सोबत बिल आणि बॅच नंबर दिसणारा पाकिटाचा फोटो जोडा.