पहिला फॉर्म १६ उघडण्याआधी

जूनच्या पंधरा तारखेच्या आसपास कंपनीच्या पेरोल विभागाकडून फॉर्म १६ ची, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या कराच्या दाखल्याची, पीडीएफ येते. पहिली नोकरी असेल तर ती उघडून शेवटच्या ओळीवर नजर टाकण्याचा मोह होतो. तसं करू नका. आधी तीन गोष्टी समोर घ्या: एप्रिल ते मार्चमध्ये जितके महिने काम केलं तितक्या महिन्यांच्या पगारपावत्या, पॅनकार्ड, आणि तुमच्या नावे जमा झालेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद, म्हणजे फॉर्म २६एएस. पगारपावत्या कंपनीच्या पोर्टलवरून आजच उतरवून ठेवा, कारण नोकरी सोडली की ते लॉगिन बंद होतं. २६एएससाठी incometax.gov.in वर लॉगिन करून e-File, मग Income Tax Returns, मग View Form 26AS असं जायचं. तिथून कापलेल्या कराच्या नोंदींचं TRACES हे संकेतस्थळ उघडतं आणि करनिर्धारण वर्ष विचारलं जातं. इथे बरेच जण चुकतात. २०२४-२५ मध्ये मिळालेल्या पगारासाठी करनिर्धारण वर्ष २०२५-२६ असतं, म्हणजे एक वर्ष पुढचं.

माझ्या भाचीचंच उदाहरण घेते. ती १ जुलै २०२४ ला पुण्यात कामाला लागली. महिना ८५,००० रुपये एकूण पगार आणि पहिल्या महिन्यात ६०,००० जॉइनिंग बोनस. नऊ महिन्यांचे ७,६५,००० आणि बोनस धरून ८,२५,०००. हा आकडा तिने पगारपावत्यांवरून आधीच कागदावर मांडून ठेवला होता. तुम्हीही तसंच करा, आणि प्रत्येक पावतीतली ‘टीडीएस’ किंवा ‘इन्कम टॅक्स’ची कपात शेजारी महिन्यानुसार लिहा. बँकेत जमा झालेली रक्कम लिहू नका, कारण ती पीएफ, व्यवसाय कर आणि टीडीएस कापून उरलेली असते. ऑफर लेटरमधला सीटीसीही नको. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, आणि ते आकडे पगाराच्या ओळीत येत नाहीत.

आता पीडीएफ उघडा. सगळ्यात आधी स्वतःचा पॅन एकेक अक्षर बोट ठेवून तपासा, आणि नोकरीचा कालावधी बघा. भाचीच्या फॉर्मवर ०१-०७-२०२४ ते ३१-०३-२०२५ असं होतं. भाग ‘अ’मध्ये कापलेल्या कराचा तिमाहीनुसार तक्ता असतो, आणि त्यात तिची पहिली तिमाही कोरी होती. ती घाबरली, पण एप्रिल ते जून ती नोकरीतच नव्हती, त्यामुळे तिथे काहीच नसणं बरोबर आहे.

मग भाग ‘ब’कडे जा, कारण हिशोब तिथे आहे. वरच्या बाजूला एक प्रश्न छापलेला असतो: Whether opting out of taxation u/s 115BAC(1A)? याचं उत्तर No असेल तर तुमचा कर नव्या करप्रणालीने मोजला आहे. प्रश्नच नकारार्थी असल्यामुळे पहिल्यांदा वाचणारा हमखास उलटं समजतो. भाचीचं No होतं, म्हणून खालच्या 80C च्या, म्हणजे पीएफसारख्या बचतीच्या वजावटीच्या, रकान्यात शून्य होतं. ‘माझा पीएफ दर महिन्याला कापला जातो, मग तो कुठे गेला?’ असं तिने विचारलं. पीएफ तिच्या खात्यात सुरक्षित आहे, फक्त नव्या प्रणालीत त्याची वजावट मिळत नाही. व्यवसाय कराचंही तेच. महाराष्ट्रात तिचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे १,९०० कापले गेले होते, तरी वजावटीत ते आले नाहीत. हे दोन्ही शून्य म्हणजे चूक नव्हे.

पुढचा हिशोब स्वतः करून बघा, अवघड नाही. कलम 17(1) खालचा पगार ८,२५,०००, म्हणजे तिच्या कागदावरच्या आकड्याशी जुळला. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० गेली, उरले ७,५०,०००. त्या वर्षी नव्या प्रणालीत पहिल्या ३ लाखांवर कर नव्हता, ३ ते ७ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आणि त्यावरच्या ५०,००० वर १० टक्के म्हणजे ५,०००. एकूण २५,०००, त्यावर ४ टक्के उपकर १,०००, म्हणजे २६,०००. कलम 87A ची करातली सूट त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला होती, म्हणून तिच्या ओळीत शून्य. (२०२५-२६ पासून नव्या प्रणालीत ही मर्यादा १२ लाख झाली आहे. भाचीएवढ्याच पगारावर त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये आधी कर दिसेल, मग सूट, आणि शेवटी शून्य.)

इथपर्यंत सगळं जुळलं की बहुतेक जण फॉर्म बंद करतात. मी पेरोलचं काम करते म्हणून सांगते, खरी गडबड सापडते ती यानंतर, भाग ‘अ’ आणि भाग ‘ब’ एकमेकांशी ताडल्यावर. दोन्ही भाग TRACES वरूनच निघतात, पण त्यांच्यामागची माहिती वेगळी असते. भाग ‘ब’ कंपनीने वर्षअखेरीला भरलेल्या पगाराच्या तपशिलातून येतो. भाग ‘अ’ मात्र दर तिमाहीच्या 24Q या टीडीएस विवरणपत्रात कंपनीने कर भरल्याच्या कोणत्या चलनाखाली तुमच्या नावाने किती रक्कम दाखवली, त्यावरून बनतो. एखाद्या विवरणपत्रात तुमची ओळ राहिली तर भाग ‘ब’ला त्याचा पत्ताही लागत नाही.

भाचीच्या भाग ‘ब’मध्ये कर २६,००० होता. भाग ‘अ’मध्ये दुसऱ्या तिमाहीत ८,६६७, तिसरीत ८,६६७, पण चौथीत ५,७७८. बेरीज २३,११२. तफावत २,८८८. ही तफावत कुठली, हे पगारपावत्यांनी लगेच सांगितलं: मार्चच्या पावतीत नेमकी २,८८८ ची कपात होती. खालचा चलनांचा तक्ता बघितला तर नऊऐवजी आठच ओळी. प्रत्येक ओळीत बँकेचा बीएसआर कोड, तारीख, चलन क्रमांक आणि शेवटी F हे अक्षर. F म्हणजे ते चलन सरकारी नोंदीशी जुळलं आहे. तिथे U दिसलं तर जुळलेलं नाही. महिन्याचा टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. म्हणून मार्चची ओळ वेगळी, उशिराची असते, आणि सुटते तीच जास्त. २६एएसमध्येही २३,११२ च दिसत होते.

अशा वेळी स्वतःचं आयकर विवरणपत्र भरून २६,००० चा दावा करू नका. खात्याकडे २३,११२ ची नोंद आहे, त्यामुळे उरलेल्या रकमेची मागणी 143(1) च्या सूचनेत तुमच्याकडेच येते. कापलेला कर मालकाने भरला नाही तरी तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही, असं कलम 205 सांगतं, पण ते पटवून देण्यात महिने जातात. आधी पेरोलला लेखी मेल करा. भाचीने चार ओळी लिहिल्या: फॉर्मवरचा कंपनीचा टॅन, स्वतःचा पॅन, ‘मार्च २०२५ च्या पगारपावतीत २,८८८ टीडीएस कापला आहे, भाग अ आणि २६एएसमध्ये तो दिसत नाही’, आणि ‘चौथ्या तिमाहीच्या 24Q मध्ये दुरुस्ती करून सुधारित फॉर्म १६ द्यावा’ ही विनंती. सोबत मार्चची पावती. फोनवर सांगू नका, मेलच करा, म्हणजे तारीख राहते.

पैसे सरकारकडे गेलेले होते. मार्चच्या चलनाखाली तिची ओळ भरायची राहून गेली होती, एवढंच. कंपनीने दुरुस्ती विवरणपत्र भरलं. त्यावर प्रक्रिया होईपर्यंत तिने दर आठवड्याला २६एएस उघडून बघितलं आणि चौथ्या तिमाहीत ८,६६६ आल्यावरच स्वतःच्या आयकर विवरणपत्राला हात घातला. सुधारित फॉर्म १६ च्या चलनांच्या तक्त्यात नववी ओळ आली होती, शेवटी F सकट.